एका अंशाची किंमत

दहावीच्या विज्ञानात पुनर्हिमायनाचा एक प्रयोग असतो. बर्फाच्या लादीवरून बारीक तार आडवी टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना वजनं लटकवायची आणि वाट बघायची. तार हळूहळू बर्फात उतरते, पार खालून बाहेर पडते, आणि लादी मात्र अखंडच राहते. आमच्या शाळेत हा प्रयोग पहिल्यांदा साफ फसला होता. लादी थेट बर्फाच्या कारखान्यातून आणलेली, पांढरीशुभ्र, बोट लावलं तर चिकटेल अशी. अर्धा तास वजनं नुसती लोंबकळत राहिली. मग सर दुसऱ्या वर्गावर तास घ्यायला गेले, लादीला घाम फुटला, खाली पाणी साचलं, आणि ते परत आले तेव्हा तार निम्म्यावर पोचलेली होती.

तार आधी का अडली आणि नंतर का चालली, हे त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. पुस्तकातलं वाक्य एवढंच होतं की दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक कमी होतो. वाक्य खरं आहे. पण ‘किती कमी होतो’ हे विचारल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला तो जेम्स थॉमसन या इंजिनिअरने, १८४९ साली. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसनचा हा थोरला भाऊ. त्याने विचारासाठी जो पेच घेतला तो इतका साधा आहे की कागद-पेन्सिलीशिवायही सोडवता येतो.

समजा, एका नळकांड्यात पाणी आहे, वर दट्ट्या आहे, आणि सगळं शून्य अंशावर ठेवलेलं आहे. दट्ट्यावर जड वजन ठेवा आणि पाण्यातली उष्णता काढून घेऊन ते गोठू द्या. गोठताना पाणी फुगतं, त्यामुळे वजन वर उचललं जातं. मग वजन वरच्या वर बाजूला काढून ठेवा आणि काढलेली उष्णता परत देऊन बर्फ वितळवा. तो आकसतो, दट्ट्या खाली येतो. पाणी होतं तसं झालं, उष्णता जिथली तिथे गेली, सगळं काही शून्य अंशावरच घडलं, आणि वजन मात्र फुकटात वर चढलं. हेच दिवसभर करत राहिलं तर कोळशाशिवाय गिरणी चालेल. असं यंत्र असू शकत नाही हे जेम्सला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे मांडणीत कुठेतरी खोट होती. ती एकाच ठिकाणी असू शकत होती: वजनाच्या दाबाखाली पाणी शून्य अंशावर गोठत नसणार. त्यासाठी त्याला आणखी थोडं थंड करावं लागत असणार.

एवढं मान्य केलं की पेच सुटतो. आता हे नळकांडं म्हणजे वाफेच्या इंजिनासारखंच एक इंजिन झालं. बर्फ वितळताना ते शून्य अंशावर उष्णता घेतं, आणि पाणी गोठताना किंचित खालच्या तापमानावर सोडून देतं. दोन तापमानांच्या मध्ये काम करणाऱ्या आदर्श इंजिनाला उष्णतेतला किती हिस्सा कामात बदलता येतो, हे फ्रान्सच्या सादी कार्नोच्या विचारातून निघतं. आजच्या भाषेत तो हिस्सा म्हणजे तापमानांतला फरक भागिले केल्विनमधलं तापमान. शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३.१५ केल्विन. तेव्हा एका अंशाचा फरक असेल, तर घेतलेल्या उष्णतेचा सुमारे २७३वा भाग कामाला येतो. बाकीचा तसाच पुढे जातो.

आता आकडे घालू. एक किलो बर्फ घेऊ. शून्य अंशावर तो वितळवायला ३,३४,००० ज्यूल उष्णता लागते. ही त्याची अप्रकट उष्मा. अप्रकट अशासाठी, की एवढी उष्णता आत जाऊनही थर्मामीटर हलत नाही. सगळी बर्फाची घडी मोडण्यात खर्च होते. तिचा २७३.१५वा भाग म्हणजे १,२२३ ज्यूल. आपल्या इंजिनाने एका अंशाच्या फरकातून जास्तीत जास्त मिळवायचं काम एवढंच.

दुसऱ्या बाजूने तेच काम मोजू. दट्ट्याने केलेलं काम म्हणजे जादा दाब गुणिले आकारमानातला फरक. एक किलो पाणी शून्य अंशावर जवळजवळ बरोबर एक लिटर भरतं. तेच गोठल्यावर १.०९१ लिटर होतं. फरक ९१ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका लहान कपाइतका. घनमीटरमध्ये लिहायचं तर ०.००००९०७. आता १,२२३ ज्यूलला या आकड्याने भागलं की दाब मिळतो: १ कोटी ३५ लाख पास्कल. हवेचा दाब समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल असतो, म्हणून हा झाला १३३ पट हवेचा दाब.

बर्फाचा द्रवणांक एक अंशाने खाली आणायची ही किंमत: १३३ वातावरणांचा दाब. उलट बाजूने बोलायचं तर एका वातावरणाने द्रवणांक ०.००७५ अंश उतरतो. आपण केलेलं गणित एका ओळीत लिहिलं की क्लॉशियस-क्लॅपेरॉन समीकरण तयार होतं:

dP/dT = L / (T × ΔV)

दाब उभ्या अक्षावर आणि तापमान आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर घन आणि द्रव यांच्या सीमेवरची रेषा किती खडी आहे ते ही डावी बाजू सांगते. L म्हणजे अप्रकट उष्मा, T म्हणजे केल्विनमधलं तापमान आणि ΔV म्हणजे वितळताना होणारा आकारमानाचा बदल. बर्फ वितळताना आकसतो, त्यामुळे ΔV ऋण आहे आणि रेषा डावीकडे झुकते.

परीक्षेत हे गणित चुकतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. एक तर T च्या जागी सेल्सिअसमधला शून्य घातला जातो, मग उत्तर अनंताकडे पळतं. दुसरं, ΔV ऐवजी बर्फाचं सगळं आकारमान घेतलं जातं. मग द्रवणांकातला फरक बारा पटींनी मोठा येतो. तिसरी चूक सर्वांत लबाड: उष्णता कॅलरी प्रति ग्रॅममध्ये आणि आकारमान घनमीटर प्रति किलोमध्ये. असं काही झालं आहे का हे ताडायचा माझा उपाय म्हणजे उत्तर १३३ वातावरणांच्या आसपास आहे का ते बघणं. एका अंशाला दहा वातावरणं किंवा दहा हजार वातावरणं आली, तर एककं तपासायला मागे जावं.

जेम्सचं भाकीतही ०.००७५ अंशच होतं. गंमत अशी की तेव्हा तो उष्णतेला एक न नासणारा द्रव मानणाऱ्या जुन्या सिद्धांताच्या आधारे गणित करत होता. सिद्धांत पुढच्याच वर्षी क्लॉशियसने दुरुस्त केला, हे उत्तर मात्र टिकलं. १८५० साली धाकट्या विल्यमने ते ग्लासगोत प्रयोगाने तपासलं. अडचण उघड होती. काचेचं भांडं ज्या दाबाला तग धरेल, तेवढ्या दाबात फरक अंशाच्या दहाव्या भागाच्या आसपासच पडणार होता. साधा पाऱ्याचा थर्मामीटर एवढा बारीक वाचता येत नाही, म्हणून त्याने ईथर भरलेला अतिसंवेदनशील थर्मामीटर करवून घेतला. त्यातही एक खोच होती. दाबाने थर्मामीटरचा फुगाच चेपला असता आणि आतलं ईथर वर चढून खोटं तापमान दाखवलं असतं. म्हणून तो थर्मामीटर दुसऱ्या बंद काचनळीत ठेवला. बर्फ-पाण्याचं मिश्रण ८.१ वातावरणं दाबल्यावर तापमान ०.१०६ अंश फॅरनहाइटने उतरलं. भावाच्या गणिताप्रमाणे ते ०.१०९ ने उतरायला हवं होतं. १६.८ वातावरणांना अपेक्षा ०.२२७ ची होती, उतरलं ०.२३२. दोन्ही ठिकाणी चूक अंशाच्या दोनशेव्या भागापेक्षा जास्त नाही.

१३३ हा आकडा एवढा मोठा का, हे स्वयंपाकघरात कळतं. कुकरमध्ये हवेच्या दाबावर साधारण आणखी एक वातावरण चढतं आणि पाण्याचा उत्कलनांक १०० वरून १२० अंशांच्या आसपास जातो. त्याच एका वातावरणाने द्रवणांक ०.००७५ अंशच हलतो. समीकरण दोन्हीकडे तेच आहे. पाण्याची वाफ व्हायला बर्फ वितळायच्या जवळजवळ सातपट उष्णता लागते, पण खरा फरक पाडतं ते आकारमान. एक किलो पाण्याची १०० अंशांवर सुमारे १,६७० लिटर वाफ होते, आणि बर्फाच्या बाबतीत आपण ९१ मिलिलिटरवर होतो. दाबाला काम करायला जागा लागते. जिथे वस्तू फुगून घरभर होते तिथे थोडा दाबही पुरतो. जिथे कपभर फरक पडतो तिथे दाब टनावारी लागतो. म्हणून आलेखात उकळण्याची रेषा सुरुवातीला आडवी पडल्यासारखी दिसते, आणि वितळण्याची जवळजवळ भिंतीसारखी उभी.

त्या उभ्या रेषेतला किंचित कल एका ठिकाणी फार नेमका हजर असतो. पाणी, बर्फ आणि वाफ तिन्ही एकत्र नांदतात ते तापमान ०.०१ अंश सेल्सिअस आहे. २०१९ पर्यंत केल्विन या एककाची व्याख्याच त्यावर बेतलेली होती. बर्फ शून्याला वितळतो म्हणायचं आणि हा तिठा मात्र ०.०१ वर, असं का? त्या तिठ्यावर दाब हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. तिथून एका वातावरणापर्यंत आलं की द्रवणांक ०.००७५ ने उतरतो, आणि पाण्यात विरघळलेल्या हवेमुळे आणखी ०.००२४ ने. बेरीज झाली शंभरावा अंश.

बहुतेक पदार्थांची रेषा उजवीकडे झुकते, कारण बहुतेक पदार्थ वितळताना फुगतात. कल्हईवाल्याचं कथील घ्या. ते २३२ अंशांना वितळतं आणि वितळताना पावणेतीन टक्क्यांच्या आसपास फुगतं. त्याची अप्रकट उष्मा बर्फाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच आहे. तरीही हजार वातावरणं दाबलं की त्याचा द्रवणांक सव्वातीन अंशांच्या आसपासच चढतो. दाब घन आणि द्रव या दोहोंतल्या आटोपशीर रूपाची बाजू घेतो. कथलाचं आटोपशीर रूप घन आहे आणि पाण्याचं द्रव, म्हणून त्यांच्या दिशा उलट. पाण्याच्या पंगतीला बसणारे थोडे आहेत. बिस्मथ हा त्यातला एक.

आता लादीकडे परत येऊ. तारेच्या दोन्ही टोकांना पाच-पाच किलोची वजनं आहेत, म्हणजे बर्फावर एकूण ९८ न्यूटन भार. तार अर्धा मिलिमीटर जाडीची आणि लादी १५ सेंटिमीटर रुंद धरली, तर तारेखालचं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटर होतं. दाब निघतो सुमारे १३ वातावरणं. म्हणजे तारेखालचा बर्फ उणे ०.१ अंशाला वितळतो. उणे पाचला नाही, उणे एकलाही नाही. बर्फाच्या कारखान्यात साचे थंडगार खाऱ्या पाण्यात बुडवलेले असतात, त्यामुळे ताजी लादी शून्याच्या कितीतरी अंश खाली असते, आणि १३ वातावरणांना ती दाद देत नाही. तिला घाम फुटला, म्हणजे ती शून्यावर आली, की मग हा दहावा अंश पुरेसा ठरतो.

पण वितळायला अप्रकट उष्मा लागते, ती कुठून येते? तारेखाली झालेलं पाणी बाजूने वर सरकतं, तिथे दाब नसतो, ते पुन्हा गोठतं आणि घेतलेली सगळी उष्मा परत सोडतं. ती तारेतूनच आरपार खाली येते आणि खालचा बर्फ वितळवते. म्हणून तांब्याची तार जिथे झपाझप उतरते, तिथे तेवढ्याच जाडीचा नायलॉनचा दोरा रखडतो. दाब दोघांचा सारखाच असतो, पण नायलॉनमधून उष्णता पलीकडे जात नाही. आपला प्रयोग खरंच पुनर्हिमायनाचा आहे, की उबदार खोलीतली तार वरून नुसती बर्फ वितळवते आहे, हे ओळखायची हीच चाचणी आहे.

याच समीकरणाच्या नावावर एक खोटी कीर्तीही जमा आहे. बर्फावरून स्केट घसरतात, कारण पात्याच्या दाबाने खालचा बर्फ वितळतो आणि पाणी वंगणाचं काम करतं, असं पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत छापलं जातं. ही कल्पना आयर्लंडच्या जॉन जोलीने १८८६ साली मांडली. गणित करून बघा. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा आहे आणि पातं ३ मिलिमीटर रुंदीने, २० सेंटिमीटर लांबीभर टेकलं आहे. क्षेत्रफळ सहा चौरस सेंटिमीटर, दाब जवळजवळ दहा वातावरणं, द्रवणांकातली घट ०.०७ अंश. पातं पूर्ण टेकत नाही, कडेवरच टेकतं, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, क्षेत्रफळ विसाव्या हिश्शावर आणू. तरी दीडच अंश मिळतो. आइस हॉकीची मैदानं उणे पाचच्या आसपास ठेवतात, आणि त्याहून थंड तळ्यांवरही लोक मजेत घसरतात. शिवाय सपाट तळव्याचे बूट घालूनही माणूस बर्फावर आपटतोच. तिथे दाब एका वातावरणाइतकाही नसतो.

मग पाणी येतं कुठून? १९३९ साली बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं की घसरताना घर्षणानेच पुरेशी उष्णता तयार होते. आणि त्याच्या बरंच आधी, १८५० मध्ये, मायकेल फॅरडेने सुचवलं होतं की बर्फाचा पृष्ठभाग शून्याच्या खालीही पातळ ओलसर थर बाळगून असतो. अगदी वरच्या रेणूंना धरून ठेवायला वर कुणीच नसतं, त्यामुळे त्यांची घडी सैल राहते. त्या थराचे तपशील अजून चर्चेत आहेत. दाबाचा हिशेब मात्र दोन ओळींत मिटतो, आणि तो विरुद्ध जातो.

जिथे दाब खरोखर टनावारी आहे तिथे हेच समीकरण मोठी कामं करतं. अंटार्क्टिकात व्होस्टॉक या रशियन तळाखाली सुमारे ३.७ किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. त्या तळावर १९८३ साली उणे ८९.२ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि त्याच बर्फाच्या बुडाशी पाण्याचं विशाल सरोवर आहे. बर्फाच्या थराचं ओझं मोजू: घनता ९१७, गुरुत्व ९.८१, उंची ३,७००. गुणाकार तीन कोटी तेहतीस लाख पास्कल, म्हणजे जवळजवळ ३३० वातावरणं. त्याला १३३ ने भागलं की अडीच अंश. सरोवराच्या माथ्यावर बर्फ आणि पाणी उणे अडीच ते तीन अंशांना एकत्र नांदतात. मात्र सरोवर एकट्या दाबाने झालं असं म्हणणं चूक ठरेल. पृथ्वीच्या पोटातून झिरपणारी उष्णता आणि वरून पांघरलेली बर्फाची जाड गोधडी यांनी तळाचं तापमान शून्याच्या जवळ आणून ठेवलं आहे. दाबाने शेवटचे अडीच अंश सोडवले.

मग दाब वाढवत नेला तर बर्फ कितीही थंडीत वितळवता येईल का? सरळ रेषा धरून उणे २२ अंशांसाठी हिशेब केला तर २,९०० वातावरणांच्या पुढचा आकडा येतो. प्रत्यक्षात २,१०० वातावरणांच्या थोडं आतच तिथे पोचता येतं. याचं कारण समीकरणातच आहे. L आणि ΔV हे आपण अचल धरले, पण ते अचल नाहीत. थंडी आणि दाब दोन्ही वाढत जातात तशी बर्फाची अप्रकट उष्मा घटते. शिवाय बर्फाच्या मानाने पाणी सहज दाबलं जातं, म्हणून दोघांच्या आकारमानांतलं अंतरही वाढतं. वरचा आकडा लहान झाला, खालचा मोठा, आणि रेषा वाकत वाकत कमी खडी झाली. पहिल्या काही अंशांसाठी १३३ ने भागणं चालतं. पुढे दर पावलाला नवा उतार काढावा लागतो.

आणि उणे २२ ला हा रस्ताच संपतो. तिथे नेहमीचा बर्फ आपली घडी मोडून दुसऱ्या, जास्त घट्ट रचनेचा बर्फ होतो. अमेरिकेच्या पर्सी ब्रिजमनने १९१२ च्या सुमारास हे दाबाखालचे बर्फ एकेक करून आलेखावर मांडले. अतिदाबावरच्या कामासाठी पुढे १९४६ साली त्याला नोबेल मिळालं. हे नवे बर्फ पाण्याहून जड आहेत, पाण्यात टाकले तर बुडतील. वितळताना ते कथलासारखे फुगतात. म्हणजे ΔV चं चिन्ह बदललं, आणि त्यासरशी रेषेने वळण घेतलं. आता दाब वाढवला की द्रवणांक वर चढतो. तो शून्य ओलांडतो, खोलीचं तापमान ओलांडतो, आणि २२ हजार वातावरणांच्या आसपास ८० अंशांच्याही वर जातो. तिथला बर्फ चहाइतका गरम असतो आणि तरी बर्फच असतो.